बेचाळिशीचा हर्षल

धर्मशाळेच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाजाराचा दिवस, त्यात चैत्राचं ऊन. तरी माणसं डोक्यावर दुपट्टे घेऊन दोन-दोन तास उभी होती. आर्णीत एवढी गर्दी मी गेल्या वर्षी अष्टग्रहीच्या होमाला पाहिली होती. आठ ग्रह एका राशीत आले म्हणून तेव्हा जग बुडणार होतं. ते बुडालं नाही, हे एव्हाना सगळे सोयीस्करपणे विसरले होते.

ओट्यावर गादी, गादीवर पंडित रामधनशास्त्री, आणि त्यांच्या मागे भिंतीवर टांगलेलं कापडी राशिचक्र. मारेगावकडचा एक शेतकरी पुढे आला. त्यानं तोंड उघडायच्या आधीच शास्त्रीबुवांनी हात वर केला.

"चूप! कुछ मत बोलो. मी सांगतो. वय चाळिशीच्या पार. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन गेली. बाई आधी गाय होती. शब्द नाही काढायची. आता उलटून बोलते. बरोबर का चूक?"

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "बरोबर हाय महाराज! तुम्हाले कसं समजलं?"

"मला नाही समजलं. याला समजलं!" शास्त्रीबुवांनी छडी राशिचक्रावर आपटली. "हा हर्षल! बाकीचे ग्रह घरातले, हा बंडखोर. जन्माच्या वेळी कुंभेत बसला होता. आता बेचाळीस वर्षांनी बरोबर समोर, सिंहेत येऊन उभा आहे. आपल्याच जागेकडे डोळे वटारून! याचं नाव प्रतियोग. पंचवीस-पंचवीस वर्षांचे संसार हा एका फटक्यात प्रश्नात टाकतो. बोलते ती तुझी बायको नाही रे बाबा. हर्षल बोलतो!"

गर्दीतून "बाप्पा बाप्पा" असा आवाज उठला. मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो. मी शाळेत गणित आणि भूगोल शिकवतो, त्यामुळे ग्रहांची नावं घेऊन कोणी छडी आपटली की माझे कान टवकारतात. पण त्या दिवशी मी मजा पाहायला आलो नव्हतो. पहिल्या रांगेत मला माझे शेजारी नागोराव दिसत होते. शास्त्रीबुवांच्या प्रत्येक वाक्याला ते मान डोलवत होते, आणि त्यांच्या घरी मागच्या खोलीत त्यांची बायको नऊ दिवसांपासून कोंडलेली होती.

नागोराव जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाड्या तोलायचे. सरळ माणूस. व्यसन नाही, आवाज नाही. इंदूबाई सव्वीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आल्या, तेव्हापासून त्यांच्याही तोंडून मोठा शब्द कोणी ऐकला नव्हता. थोरल्या दोन मुलींची लग्नं झाली होती. राहिली होती धाकटी, ताना. पंधरा वर्षांची, सातवी पास होऊन पुढच्या वर्गात बसली होती.

होळीनंतर नागोरावांनी तानाचं लग्न ठरवलं. मुलगा वणीचा. मुलगा म्हणायचं इतकंच. वय छत्तीस, पहिली बायको वारलेली, कोळशाच्या खाणीत मुकादम. ठरवून घरी आले, पाणी मागितलं, आणि पाणी पिता पिता बायकोला सांगितलं. इंदूबाईंनी रिकामा गडवा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे लग्न होणार नाही. केलं तं मी या घरात राहणार नाही."

भिंतीपलीकडून मी हे ऐकलं होतं. नागोरावांना प्रथम समजलंच नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं; इंदूबाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं. मग त्या म्हणाल्या, "सव्वीस वर्षं झाली. तुम्ही मले एकदा तरी विचारलं काय? कायलेच? थोरलीच्या वेळी नाही विचारलं, मधलीच्या वेळी नाही विचारलं. हे असं का चालू आहे, हे तरी सांगा."

नागोरावांनी हात उगारला नाही, शिवी दिली नाही. ते घाबरले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गुरुजी, हिले काही झालं. ही अशी नव्हती."

आणि महिन्याभरात शास्त्रीबुवा गावात उतरले. नागोराव इंदूबाईंच्या मामाकडून जन्माचं टिपण घेऊन गेले आणि निदान घेऊन परत आले. एकोणीसशे एकवीसच्या जानेवारीतला जन्म, हर्षल कुंभेत, प्रतियोग ऐन भरात. उपाय असा: बेचाळीस दिवस बाईला वेगळ्या खोलीत ठेवायचं, एकभुक्त, अन्नात मीठ नाही, तिच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की हर्षलाला बळ मिळतं. आणि घरातलं ठरलेलं मंगलकार्य मुळीच लांबवायचं नाही. ते अक्षय्य तृतीयेला उरकायचं.

तृतीया चार दिवसांवर आली होती.

त्या बाजाराच्या दिवशी सकाळी दवाखान्यातल्या नर्स तुळसाबाई माझ्या शाळेत आल्या होत्या. वर्ग सुरू होता. त्या दारातच उभ्या राहिल्या. घामानं पदर चिंब झाला होता.

"गुरुजी, तुमच्या शेजारची बाई मरन. तिची पोरगी मले बोलवाले आली होती. म्या खिडकीतून पाह्यलं. पायात गोळे येऊन राह्यले, उभी राह्यली की चक्कर. या उन्हात घामावाटे मीठ जाते, अन् खाण्यात मीठ नाही. पत्र्याची खोली. अजून चार दिवस काढन असं मले वाटत नाही."

"नागोरावांना सांगितलंत?"

"सांगतलं. ते म्हणाले, हा हर्षलाचा जोर कमी होऊन राह्यला." त्यांनी ओठ आवळले. "गुरुजी, मले एक सांगा. माहं वय बेचाळीस. माह्या घरी कोणता हर्षल आला? माहा नवरा सकाळीच मले चहा करून देऊन कामाले गेला."

मी हसलो नाही, पण डोक्यात काहीतरी खटकन बसलं. मी म्हटलं, "पुन्हा म्हणा."

"काय? चहा?"

"नाही. वय."

"बेचाळीस. अन् आमच्या वस्तीत छप्पन साली आम्ही सगळे जुनं सोडून बौद्ध झालो, तं त्यात सत्तरीची म्हातारी होती अन् दहा वर्षांचं लेकरूही. कोणता ग्रह कोणाच्या समोर आला होता तेव्हा? विचार केला, म्हणून सोडलं."

त्या गेल्या. मधल्या सुट्टीत मी फळ्यावर हिशेब मांडला. हर्षल, म्हणजे इंग्रजीतला युरेनस, सूर्याभोवती एक फेरी मारतो ती चौऱ्याऐंशी वर्षांत. वर्तुळाचे तीनशे साठ अंश. म्हणजे वर्षाला चार अंशांहून थोडे जास्त. तीस अंशांची एक रास ओलांडायला सात वर्षं. बरोबर समोर, एकशे ऐंशी अंशांवर यायला बेचाळीस. त्याची वाट अगदी गोल नाही, म्हणून कोणाला ते एकोणचाळिसाव्या वर्षी येतं, कोणाला चव्वेचाळिसाव्या. पण येतं प्रत्येकाला. जो जगला त्याला. पतिव्रतेला, बैराग्याला, शास्त्र्याला, माझ्यासारख्याला अजून सात-आठ वर्षांनी.

मग मी मुख्याध्यापकांच्या परवानगीनं लोखंडी कपाट उघडलं आणि सर्वांत जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं. एकोणीसशे सव्वीस सालची पहिली. सतरा मुलगे. जन्मतारखा बहुतेक गुरुजींनी अंदाजे टाकलेल्या. मला त्याची फिकीर नव्हती. हर्षल इतका मंद आहे की तारीख वर्षभर चुकली तरी चार अंशांचाच फरक पडतो. चौथं नाव नागोरावांचं होतं.

दुपारी मी ते रजिस्टर काखेत घेऊन धर्मशाळेत आलो होतो.

मारेगावचा शेतकरी डोळे पुसत बाजूला झाला तेव्हा मी पुढे सरकलो. "महाराज, मला एक शंका आहे."

"बोलो मास्टरजी. शंका मनुष्याला असते, देवाला नसते." लोक हसले.

"प्रतियोग किती दिवस राहतो?"

त्यांना हा प्रश्न आवडला. ज्ञान दाखवायला मिळालं. "सूक्ष्म आहे बरं! हर्षल सरळ जातो, मग वक्री होतो, मागे येतो, पुन्हा सरळ. म्हणून एकाच जागेवर तीन वार! तुमच्या या नागोरावांच्या घरात पाहा. पहिला वार आश्विनात झाला, दुसरा फाल्गुनात झाला, त्याच वेळी बाईची जीभ सुटली! तिसरा श्रावणात. आणि पाच अंश अलीकडे, पाच अंश पलीकडे दृष्टी धरायची."

"म्हणजे पुढची-मागची धरून अडीच-तीन वर्षं?"

"अर्थात."

हे सगळं त्यांच्या पोथीप्रमाणे बरोबर होतं, हे मी मान्य करतो. वक्री होणं हे आपल्या पृथ्वीच्या चालीमुळे वाटतं. पुढे जाणाऱ्या गाडीतून पाहिलं की हळू चालणारी बैलगाडी मागे सरकते तसं. पण आकाशात तो तीनदा त्या अंशावरून जातो हे खरं आहे. लबाडी आकाशात नव्हती.

मी रजिस्टर उघडलं. "महाराज, तुमच्या कोष्टकातून एक काढून द्या. जन्म ज्येष्ठ महिना, एकोणीसशे एकोणीस. हर्षल कुठे?"

त्यांनी जाड पुस्तक चाळलं. लोक पुढे झुकले. "कुंभ. नऊ अंशांच्या जवळ."

"आणि इंदूबाईंचा?"

"कुंभच. दहा-अकरा."

"आज आकाशात?"

"वक्री. सिंह आठ अंश." ते खूश होऊन गर्दीकडे पाहायला लागले. "पाहा! पहिल्याचा एकाच अंशाचा फरक. हा तर इंदूबाईंपेक्षाही जबर प्रतियोग आहे! या माणसाचा मेंदू आज ठिकाणावर असूच शकत नाही. या दोन महिन्यांत यानं जो निर्णय घेतला तो त्याचा नाही, हर्षलाचा! कोण आहे हा दुर्दैवी?"

मी बोट ठेवून वाचलं. "नागोराव. पहिली, अनुक्रम चार."

कोणी हसलं नाही. नागोराव उठून उभे राहिले. चेहरा लाल झाला होता. "गुरुजी, हे काय करून राह्यले तुम्ही? माह्या घरची गोष्ट चारचौघांत?"

"तुम्हीच ती इथं आणली, नागोरावभाऊ." त्यांनी मारलं असतं तर मी अडवू शकलो नसतो. "एवढंच सांगा. एकच ग्रह, एकच रास, तुमच्यावर जास्त जवळून. मग वहिनी बोलल्या तो हर्षल, आणि तुम्ही पंधरा वर्षांच्या लेकीसाठी छत्तिशीचा नवरा ठरवून आलात ती अक्कल? खोलीत एकच जण का आहे? दुसऱ्या खोलीची कडी कोणी लावायची?"

"पुरुषांवर परिणाम वेगळा होतो!" शास्त्रीबुवा मध्येच ओरडले. "पुरुषाचा हर्षल दशमात, कर्माच्या घरात, काम करतो."

"आत्ताच तुम्ही म्हणालात की या माणसाचा निर्णय त्याचा नाही. नाव ऐकण्याआधी म्हणालात."

"तुम्ही नास्तिक आहात!"

"असेन. पण हे रजिस्टर नास्तिक नाही." मी पान त्यांच्यासमोर धरलं. "सतरा मुलं, सगळी तेव्हाच्या दोन-अडीच वर्षांतली. सतराच्या सतरांचा हर्षल कुंभेत. यातले पाच वारले. फुलचंद, हात वर करा. तुमच्या घरी भांडण?"

गर्दीतून किराणा दुकानाचे फुलचंद ओशाळून म्हणाले, "नाही बाप्पा. तिच्याशिवाय मले दुकानाच्या किल्ल्या सापडत नाही."

"पूनमसिंग?"

तांड्यावरचे पूनमसिंग काठीवर रेलून उभे होते. "मारी बायको तं लगन झालं त्या दिसापासून भांडते गुरुजी. हर्षल तवा कुठं होता?"

आता मात्र हशा पिकला. मी थांबलो नाही. बारा जण हयात, त्यातल्या एकाचं लग्नच झालं नव्हतं, दोघांच्या घरी कुरबुर होती, एक नागोराव, बाकी आठ आपापल्या संसारात सुखी-दुःखी, जसे असतात तसे. आणि गेल्या दहा वर्षांत गावात जी पाच जोडपी वेगळी झाली ती सगळ्यांना ठाऊक होती. मी त्यांची वयं विचारली, लोकांनीच सांगितली: बायकांची वयं एकोणीस, तेवीस, एकतीस, चाळीस आणि पंचावन्न.

"मग महाराज ओळखतात कसं?" मारेगावचा शेतकरी विचारत होता. आवाज रडवेला होता. "त्यांनी तं न सांगता ओळखलं."

"दादा, तुमच्या केसांकडे पाहून वय कळतं. आपल्याकडे लग्न लवकर होतं, म्हणजे पंचवीस वर्षं झालीच. आणि ज्याच्या घरी सगळं ठीक आहे तो बाजार सोडून, उन्हात दोन तास उभा राहून इथं येईल का? या रांगेत उभं राहणं हेच उत्तर आहे. कोणी अडतीसचा आला तर प्रतियोग 'लागतोय', सेहेचाळीसचा आला तर 'उतरतोय'. रांगेत न लागलेल्या फुलचंदांना कोण मोजतो?"

"अन् बायका याच वयात काहून बोलतात?" मागून एकानं विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता.

"सगळ्या नाही बोलत. ज्या बोलतात त्यांची सासू गेलेली असते, लेकरं मोठी झालेली असतात, धाक संपलेला असतो. वीस वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर यायला जागा होते. त्यासाठी कोट्यवधी मैलांवरचा गोळा लागत नाही. आणि तो गोळा आपल्या जुन्या नवग्रहांत नव्हताच. एकशे ऐंशी वर्षांपूर्वी दुर्बिणीतून सापडला. त्याआधी काय कोणती बाई नवऱ्याला प्रश्न विचारत नव्हती?"

शास्त्रीबुवा पोथ्या बांधायला लागले होते. कोणीतरी विचारलं, "महाराज, तुमचं वय किती?" त्यांनी भिंतीवरचं राशिचक्र उतरवून गुंडाळायला घेतलं.

तेवढ्यात गर्दी कापत ताना आली. अनवाणी, तापल्या फरशीवरून धावत. ती माझ्याकडे आली नाही. सरळ बापाकडे गेली. "बाबा, आई पडली. डोळे उघडत नाही. दार उघडा. किल्ली तुमच्यापाशी आहे."

नागोराव धावले. त्यांच्यामागे मी, पूनमसिंग, आणि अर्धी गर्दी. त्यांच्या हातातून किल्ली दोनदा पडली. तिसऱ्यांदा पूनमसिंगांनी ती घेतली आणि कुलूप उघडलं. आत भट्टीसारखी हवा कोंडली होती. इंदूबाई भिंतीपाशी आडव्या होत्या, पायांची बोटं वळलेली.

तुळसाबाई आमच्याआधीच खिडकीपाशी पोचल्या होत्या. आत येऊन त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. ओलं फडकं, पंखा. थोडं भान आल्यावर मीठ-साखर घातलेलं पाणी, चमच्या-चमच्यानं. अर्धा तास गेला असेल. तो अर्धा तास नागोराव अंगणात उकिडवे बसले होते, तोंडावर दोन्ही हात घेऊन.

मग तुळसाबाई दारात आल्या. "शुद्धीवर हाय. दवाखान्यात न्यावं लागन. पण आधी तुम्हाले बोलवून राह्यली."

ते आत गेले. दार उघडंच होतं, म्हणून आम्हाला ऐकू आलं. ते तिच्याशेजारी जमिनीवर बसले. मग म्हणाले, "इंदू, मी... तू काय विचारलं होतं तेव्हा?"

इंदूबाईंचा आवाज फार बारीक होता, पण स्पष्ट. "तुम्हाले आठवते ते."

"आठवते."

"मग उत्तर द्या."

"उत्तर नाही माह्यापाशी." "मले वाटलं, विचारायचंच नसते. माह्या बापानं आईले नाही विचारलं. म्या भेव खाल्लं. तू बोलली, अन् मले वाटलं घर पडते. त्या महाराजानं सांगतलं की तू नाही बोलत, तं मले बरं वाटलं."

"मीच बोलत होती. आताही मीच बोलून राह्यली. तानाचं लग्न होणार नाही."

"नाही होणार. मी आजच वणीले निरोप पाठवतो."

हे ऐकून अंगणात ताना रडायला लागली. पूनमसिंगांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि स्वतःच डोळे पुसले.

इथं गोष्ट गोड करून संपवता आली असती. तशी ती झाली नाही. तीन दिवस दवाखान्यात काढून इंदूबाई तानाला घेऊन बहिणीकडे गेल्या आणि दीड महिना आल्या नाहीत. नागोराव स्वतःच्या हातानं भाकरी थापायचे, जाळायचे, आणि माझ्या घरून कालवण न्यायचे. एकदा म्हणाले, "गुरुजी, ती येईन का?" मी म्हटलं, "मला काय विचारता? त्यांना विचारा." त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बायकोला पत्र लिहिलं. त्यात काय होतं मला ठाऊक नाही. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी इंदूबाई आल्या. तानाचं नाव नववीत होतंच. पुढे त्या दोघांचं कधी कधी जोरात वाजायचं, भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं; पण आता त्या भांडणात दोन आवाज असायचे.

शास्त्रीबुवा त्याच संध्याकाळच्या मोटारीनं वणीकडे गेले. तिथंही त्यांना गर्दी मिळाली असेल. मारेगावचा शेतकरी घरी जाऊन बायकोशी बोलला की नाही, हेही मला कळलं नाही. मी आशा धरली आहे, एवढंच.

मित्रांनो, हर्षल खोटा नाही. तो आहे, निळसर हिरवा, थंड, आपल्या संथ वाटेनं चाललेला. तो तुमच्या जन्मवेळच्या आपल्याच जागेसमोर एकदा येणार, यायलाच हवा, कारण वर्तुळावर फिरणाऱ्याला दुसरा मार्ग नसतो. पण तुमच्या घरात कोणी बोललं, तर ते माणूस बोललेलं असतं. त्याच्याकडे तोंड करून बसा. ऐका. पटलं नाही तर भांडा. पण त्याचं बोलणं कोणत्याही ग्रहाच्या नावावर टाकू नका.